बरणीमागे अठरा

आमच्या थोरल्या जाऊबाईंना भाव करताना बघणं हा एक कार्यक्रम असतो. पेरूचा हंगाम भरात आला की त्या पहाटे बाजारात जायच्या नाहीत. उन्हं चढली, व्यापाऱ्यांचे चेहरे उतरले आणि ढिगातले पेरू मऊ पडायला लागले, की मग ह्यांची स्वारी निघायची. एक पेरू उचलायचा, नाकाशी धरायचा, आणि कुणाचं तरी वाईट झालंय अशा तोंडाने परत ठेवायचा. बोलायचं काहीच नाही. व्यापारी आपणहून दोन रुपये उतरायचा. मी पिशव्या धरून मागे उभी असायचे, हसू दाबत.

जॅमचा हा धंदा त्यांनी एकटीने उभा केला. थोरले दीर नोकरीतून लवकर मोकळे झाले ("मोकळे झाले" हा त्यांचा शब्द, काढून टाकलं हा कंपनीचा), तेव्हा जाऊबाईंनी एका पातेल्यावर सुरुवात केली. आता हंगामात दोन बायका कामाला येतात, अंगणातल्या शेडमध्ये मोठी शेगडी पेटते, पेरू शिजतात, गर चाळून बिया वेगळ्या होतात, साखर पडते, आणि पाच-सहा आठवड्यांत बाराशे बरण्या भरून निघतात. एका बरणीत एक किलो. बेकरीवाले भाऊ बिस्किटांत आणि केकात भरायला दर महिन्याला शंभर-सव्वाशे बरण्या नेतात. पेरू वर्षातून एकदाच स्वस्त होतो, बेकरी मात्र बारा महिने चालते. सगळी कमाई त्या फरकातच होती.

आणि बरण्या राहायच्या मागच्या खोलीत. घरातली सगळ्यात थंड खोली ती. उजेडाने जॅमचा रंग उडतो म्हणून खिडकीला पोतं लावलेलं, गरम होऊ नये म्हणून पंखा सुरू, आणि चारी भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत फळ्या. त्या खोलीत पाय ठेवायचा तर आडवं होऊन शिरावं लागायचं.

आता वन्सं. आमच्या नणंद, थोरल्या दिरांच्या पाठची बहीण. दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसतात. चार वर्षांपूर्वी एक बॅग घेऊन माहेरी आल्या, परत जायचं नाही असं सांगून. कुणी कारण विचारलं नाही, त्यांच्या मनगटावरचे वळ बघूनच कळलं होतं. मागची खोली लग्नाआधी त्यांचीच. पण त्या आल्या तेव्हा खोलीत बरण्या होत्या.

"तात्पुरतं स्वयंपाकघरात झोपते. माझं काय, कुठेही पडेन," वन्सं म्हणाल्या.

ते तात्पुरतं चार वर्षं चाललं. पिठाच्या डब्यामागे त्यांची वळकटी, भांड्यांच्या फळीखाली त्यांची बॅग. रात्री शेवटचं भांडं घासून झाल्याशिवाय त्यांना आडवं होता यायचं नाही, आणि सकाळी माझ्या नवऱ्याला पहिल्या पाळीला जायचं म्हणून पाचला शेगडी पेटायची, की वन्सं उठल्याच. पगारातला अर्धा वाटा त्या न चुकता जाऊबाईंच्या हातात ठेवायच्या. साडी बदलायची तर न्हाणीघर. रडायचं तर तेही न्हाणीघर, असं मला वाटतं. नळ बराच वेळ चालू असायचा.

जाऊबाई दुष्ट नाहीत हो. वन्संना ताप आला तेव्हा तीन रात्री उशाशी बसल्या होत्या, त्याच स्वयंपाकघरात, फरशीवर. पण खोली रिकामी करावी हे काही त्यांच्या मनात आलं नाही. माझ्याही आलं नाही, मग मी कोणत्या तोंडाने बोलू?

यंदा हंगामाच्या तोंडावर बेकरीवाल्यांचा निरोप आला. दर वर्षीचा एकशे पाचचा भाव त्यांना जड जातोय, शंभरला जमत असेल तर बघा, नाहीतर दुसरीकडे विचारतो. जाऊबाईंचा पारा चढला. रात्रीची जेवणं उरकली तशी त्यांनी हिशोबाची पाटी-पेन्सिल घेतली आणि ओट्याशी बसून मोठ्याने आकडे मांडायला लागल्या. मी ताटं पुसत होते, थोरले दीर दारात दात कोरत उभे होते, आणि वन्सं वळकटी हातात घेऊन जागा रिकामी व्हायची वाट बघत होत्या.

"फळ चौदा. साखर सत्तावीस. गॅस आणि लिंबू आठ. बरणी झाकणासकट चोवीस. बायकांची मजुरी दहा. फुटलं, बिघडलं त्याचे तीन. झाले शहाऐंशी. एकशे पाचला देते म्हणजे एकोणीस सुटतात. त्यातले पाच ह्याला सोडू? कुठून काढू सांगा! बायकांच्या मजुरीतून? का साखर कमी घालू आणि सहा महिन्यांनी बुरशी खाऊ घालू?"

"चोवीसची बरणी घेऊन जातो, परत देत नाही लेकाचा," दीर म्हणाले.

"तुम्ही मधे बोलू नका. मला चुकवता."

वन्सं तेव्हा अगदी साधेपणाने म्हणाल्या, "वहिनी, खोलीचं काही धरलं नाहीत का?"

"कुठली खोली?"

"मागची."

"अहो, ती घरचीच आहे की. तिला कोण भाडं मागतंय?"

"नाही, मी सहज विचारलं. पुढच्या गल्लीत एक खोली बघून आले आज. एवढीच आहे, दोन हजार म्हणतात. पहिल्या तारखेपासून घेतेय." मग घाईघाईने, "रागाने नाही हं वहिनी. मला आता फक्त दार लावून झोपायचंय."

दिरांनी दात कोरणं थांबवलं. माझ्या हातातलं ताट मी किती वेळ पुसत होते कोण जाणे.

जाऊबाईंची एक खोड आहे. समोर आलेला आकडा त्यांना मांडल्याशिवाय राहवत नाही. कुणी गेलेलं असो, कुणी जाणार असो. त्यांनी पाटीवर खाली दोन हजार लिहिले.

"पहिली बरणी भरते तिथपासून शेवटची जाईपर्यंत अकरा महिने. निम्म्या बरण्या गेल्या तरी खोली काही निम्मी मोकळी होत नाही, शेवटची बरणी जाईपर्यंत ती अडलेलीच. अकरा दुणे बावीस. बावीस हजार." बोट ओलं करून त्यांनी एक आकडा पुसला. "बाराशे बरण्यांवर टाकले तर बरणीमागे अठरा."

मग त्यांनी वरच्या आकड्यावर बोट ठेवलं. एकोणीस सुटत होते. त्यातून अठरा गेले.

"वर पंख्याचं बिल," दीर पुटपुटले, आणि ह्या वेळी त्यांना कुणी गप्प केलं नाही.

"म्हणजे मी कमवत होते काय?" जाऊबाई म्हणाल्या. "चार वर्षं मी मिरवतेय, माझा धंदा, माझा धंदा. अहो, नफा कसला! वन्संच्या खोलीचं भाडं होतं ते. आपण खाल्लं."

"असं काय बोलता वहिनी..." वन्सं म्हणाल्या आणि त्यांचेच डोळे भरून आले. "मी सहज विचारलं हो."

"सहज विचारलंत म्हणून तर लागलं," जाऊबाई म्हणाल्या आणि पदराने पाटी खसाखसा पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि बेकरी गाठली. बेकरीवाले भाऊ पिठाने माखलेले, पण डोळे कावळ्याचे. त्यांना वाटलं, बाई शंभरला तयार होऊन आल्या.

"शंभर कशाला?" जाऊबाई म्हणाल्या. "शहाण्णवला देते."

भाऊंच्या हातातला ट्रे खाली आला. मला तर वाटलं, जाऊबाईंना रात्रीची झोप लागली नाही त्याचं हे.

"पण अट आहे. महिन्याला शंभर नाही. भरेन तशा, दर आठवड्याला सगळ्या उचलायच्या. ठेवायच्या तुम्ही."

"वा! म्हणजे वर्षभराचा माल मी सांभाळू? माझी जागा अडणार, पैसे अडकणार. मग पंच्याऐंशी लावा."

"पंच्याऐंशीत माझा खर्चसुद्धा निघत नाही. भाऊ, एकशे पाचमध्ये अठरा तर नुसते ठेवायचे होते, मलाच काल कळलं. त्यातले निम्मे तुम्हाला सोडले. तुमचं गोदाम पडलंय अर्धं रिकामं, पीठ तर दर आठवड्याला येतं. फळ्या मी देते. पैसे निम्मे उचलताना, निम्मे तीन महिन्यांनी."

"भट्टीवरचा माळा आहे, तिथे ठेवतो."

"माळ्यावर ठेवाल तर बरणी देणार नाही. उष्णतेने काळा पडेल, आणि नाव माझं जाईल. गोदामातच. अंधारात."

ब्याण्णव, शहाण्णव, ब्याण्णव, असं बराच वेळ चाललं. भाऊ मध्येच जाऊन पाव काढून आले. शेवटी जाऊबाईंनी पिशवी उचलली. "राहू द्या. हॉटेलवाल्यांना विचारते." आम्ही पायरी उतरेपर्यंत हाक आली, "अहो वहिनी, थांबा की! शहाण्णव म्हणजे शहाण्णव."

घरी थोरल्या दिरांनी आकाशपाताळ एक केलं. "हातात येणारे बावीस-तेवीस हजार सोडून बारा हजारांवर आलीस? ह्याला धंदा म्हणतात?"

"ह्यालाच म्हणतात," जाऊबाई म्हणाल्या. "हे बारा माझे आहेत."

दिरांनी दोन दिवस अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी फळ्या उतरवायला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन स्वतःच उभे राहिले. वन्संनी पुढच्या गल्लीतली खोली नको म्हणून कळवलं, पण लगेच नाही. आधी जुना उरलेला माल गेला, मग भिंती पुसल्या, मग खिडकीवरचं पोतं निघालं आणि उजेड आत आला, तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला.

हंगाम सुरू झाला. भरलेल्या बरण्या गार होईपर्यंत शेडमध्ये, झाकण घट्ट बसलंय का ते दाबून बघायचं, आणि आठवड्याला टेम्पो. पहिला टेम्पो गेला त्याच दुपारी वन्संची खाट मागच्या खोलीत लागली. दवाखान्याला सुट्टी होती. त्यांनी वळकटी नेली, बॅग नेली, आणि दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आम्हाला दोघींना स्वयंपाकघरात ऐकू आला.

चारला जाऊबाईंनी चहा केला आणि वन्संचा कप घेऊन गेल्या. मी मागोमाग बशी घेऊन. जाऊबाई ह्या घरात कुठल्याच दारावर टकटक करत नाहीत, सरळ शिरतात. आज त्या दारापुढे थांबल्या. हात उचलला, तसाच ठेवला. आतून वन्संच्या घोरण्याचा आवाज येत होता, चांगला मोठ्ठा. चार वर्षांत आम्ही तो कधी ऐकला नव्हता.

जाऊबाईंनी हात खाली घेतला. "झोपू दे त्यांना," एवढंच म्हणाल्या, आणि नाक ओढलं.

तो कप आम्ही दोघींनी अर्धा अर्धा प्यायला.