वाऱ्याला बंदी

जुईनगरच्या आमच्या एका खोलीच्या घरात थ्रीडी प्रिंटर आईच्या पलंगाला लागून होता. मी एबीएस नावाचं प्लॅस्टिक वापरायचो. वारा लागला की त्यातून छापलेल्या वस्तूचे कोपरे वाकतात, म्हणून आईने खिडकी उघडली की मी तिच्यावर खेकसायचो. वितळत्या प्लॅस्टिकच्या वाफा आणि डोळ्यांना न दिसणारे कण तिच्या छातीत जात राहिले. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कसला धूर होतो?"

आता पीएलए हे दुसरं प्लॅस्टिक वापरतो. ते सौम्य असलं तरी कण त्यातूनही निघतात, म्हणून प्रिंटर खिडकीशी नेला, एक्झॉस्ट पंखा लावला. याला वारा चालतो, हे आईला दहादा सांगितलं. तरी प्रिंटर सुरू झाला की ती खोकत उठते आणि खिडकी लावून घेते.

"तुझं काम बिघडेल रे," म्हणते.