शामियान्यापलीकडची बाजू

देवासच्या टेकडीखालच्या माळावर आम्ही फुटबॉल खेळायचो, तेव्हा मी शाळेत गणित शिकवत होतो. संघात कारकून होते, दोन मास्तर होते, एक तलाठ्याचा भाऊ होता, आणि पागेतला एक जीनगर होता. घोड्यांची खोगिरं शिवणारा हा माणूस अनवाणी धावायचा, आणि त्याच्याइतक्या वेगानं धावणारं आमच्यात दुसरं कोणी नव्हतं. दोन्ही पायांनी तो सारखाच चेंडू मारी. आमचे कप्तान एका मोठ्या अंमलदाराचे भाचे. कप्तानपद त्यांना कसं मिळालं हे विचारायचं कोणाला कारण नव्हतं.

धारचा संघ आमच्याकडे खेळायला आला, त्या दिवसाची ही गोष्ट. इतकी वर्षं झाली, पण ती सांगताना माझा आवाज अजून चढतो.

मैदानाच्या एका अंगाला पाहुण्यांसाठी शामियाना उभारला होता. समोरच्या अंगाला, उन्हात, गावचे लोक उभे होते. पूर्वार्धात शामियाना आमच्या उजव्या हाताला पडला. म्हणून कप्तान उजव्या कडेला खेळले आणि जीनगराला त्यांनी डावीकडे, उन्हाच्या बाजूला धाडलं. प्रत्येक चेंडू आपल्याकडे आला पाहिजे, असा त्यांचा हुकूम होता. मी मधला हाफ. चेंडू बहुतेक वेळा माझ्याच पायांवरून पुढे जायचा, तेव्हा तो हुकूम मुख्यतः मला होता.

धारवाले हुशार होते. आम्ही एकाच बाजूनं जातो हे त्यांनी दहा मिनिटांत ओळखलं. मग चेंडू शामियान्याकडे गेला, की त्यांचे हाफ आणि दोन्ही बॅक तिकडे सरकायचे आणि इतके जवळजवळ उभे राहायचे, की त्यांच्यातून मांजर जाणार नाही. कप्तान त्या गर्दीत शिरायचे आणि चेंडू घालवून बसायचे. पलीकडे जीनगर हात वर करून उभा असे. त्याच्या भोवती तीस-तीस पावलं मोकळी जमीन होती. उन्हातले लोक मला ओरडून सांगत होते, "भिया, इधर खाली है!" मला ते दिसत होतं. तरी मी चेंडू उजवीकडेच देत राहिलो. मध्यंतराला धारचा एक गोल झाला होता, आमचा एकही नव्हता.

मध्यंतरात मी कप्तानांना म्हटलं, की त्यांचे सगळे लोक एका बाजूला गोळा होतात, तेव्हा चेंडू झटकन दुसऱ्या कडेला टाकू या. त्यांना धावत यावं लागेल, मधे फटी पडतील.

कप्तान पाणी पीत होते. ते म्हणाले, "तिकडे चेंडू नेऊन पाहणार कोण?"

मला वाटलं, थट्टा करतायत. पण बाजू बदलल्या, शामियाना आता आमच्या डाव्या हाताला आला, आणि कप्तान सरळ डाव्या कडेला जाऊन उभे राहिले. जीनगराला त्यांनी बोटानं उजवीकडे जायला सांगितलं. पुन्हा उन्हात. माझ्या अंगाची आग झाली. खेळ जिंकण्यासाठी होता की शामियान्यात बसलेल्या त्यांच्या मामांनी पाहावं म्हणून?

त्या रागातच मी पहिल्यांदा हुकूम मोडला. चेंडू आला, तो मी पायाखाली थांबवला, मान वर करून जीनगर कुठे आहे ते पाहिलं, आणि उंच लांब मारला. चेंडू हवेत असतानाच धारवाले सगळे सरकून तिकडे पोचले होते. जीनगरापुढे तीन जण उभे. चेंडू गेला. कप्तान सर्वांसमोर मला नाही नाही ते बोलले.

चेंडू रेषेबाहेर गेला होता. धारचा गडी तो आत टाकायला येईतो जीनगर माझ्याजवळून गेला. तो हलकेच म्हणाला, "मास्तर, चेंडू थांबवू नका. तो यायच्या आधी माझ्याकडे बघून ठेवा आणि आल्यासरशी मारा. मी पळत असेन."

एवढंच. अर्ध्या सामन्यात मला जे सुचलं नाही, ते त्यानं उन्हात उभ्याउभ्या ताडलं होतं.

पुढच्या खेपेला कप्तान डाव्या कडेला पाच जणांत अडकले. त्यांना चेंडू मागे द्यावाच लागला, आमच्या डाव्या हाफकडे. त्याच क्षणी मी उजवीकडे पाहून घेतलं. हाफनं चेंडू मला दिला आणि मी तो न थांबवता, आल्यासरशी, जमिनीपासून फार उंच न जाऊ देता, पार पलीकडे मारला. जीनगर आधीच निघाला होता. धारचा एक बॅक एकटाच त्याच्यावर धावून गेला, दुसरा अजून शामियान्याच्या अंगाला होता, आणि दोघांमधे बैलगाडी जाईल एवढी जागा उघडी पडली. जीनगरानं चेंडू कोपऱ्यापर्यंत नेला आणि तिथून मागे, त्या मोकळ्या जागेत सरपटत दिला. आमच्या पुढच्या फळीतल्या मधल्या गड्यानं धावत येऊन तो गोलात घातला.

त्यानंतर धारवाले बिथरले. एकट्या जीनगरासाठी त्यांनी दोन माणसं कायमची तिकडे ठेवली, म्हणजे त्यांची ती घट्ट मूठ सुटली. मी आणखी दोनदा चेंडू पलीकडे मारला. तिसऱ्यांदा मारणार असं दाखवलं, आणि ते ताणले गेले तसा सरळ मधून दिला. कप्तान मधे आले होते. त्यांच्यापुढे गोलरक्षक आणि दोन्ही अंगांना दूर दूर उभे बॅक. गोल त्यांनी केला. तो मी त्यांच्याकडून हिरावून घेत नाही.

आम्ही जिंकलो. शामियान्यात कप्तानांना भरजरी पागोटं मिळालं. भाषण झालं. चेंडू या कडेवरून त्या कडेला फिरवण्याची कल्पना कप्तानांची, असं त्यात सांगितलं गेलं, आणि कप्तानांनी मान लववून ते स्वीकारलं. आमच्या अकरा जणांसाठी चहाला दहाच खुर्च्या होत्या. जीनगराला एका कारभाऱ्यानं बाहेरच सांगितलं, की पाहुण्यांच्या बग्गीचा पट्टा तुटलाय, तो बघ. ज्याच्या पायांवर आम्ही जिंकलो, तो मातीनं भरलेल्या पायांनीच बग्गीखाली वाकला होता.

धारचा कप्तान तेवढ्यात शामियान्यात आला. तो मराठीच होता, माझ्याच वयाचा. त्यानं विचारलं, "तुमचा उजव्या कडेचा गडी कुठे आहे?"

मी म्हटलं, "बाहेर तुमच्या बग्गीचा पट्टा शिवतोय. आणि चेंडू न थांबवता पलीकडे मारायचं त्यानं सुचवलं, आमच्या कप्तानांनी नाही."

धारचा कप्तान बाहेर गेला आणि जीनगरापाशी जमिनीवर बसला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. पण पट्टा शिवून होईपर्यंत तो तिथेच बसून होता आणि टाकून झालेले टाके बोटानं चाचपून पाहत होता.

पुढच्या सामन्याच्या यादीत आम्ही दोघंही नव्हतो. मी जीनगराकडे जाऊन म्हटलं, की माझ्यामुळे तुझी संघातली जागा गेली. तो खोगीर शिवत होता. म्हणाला, "मास्तर, तुम्ही बोललात ते बरं केलंत. पण पूर्वार्धात चेंडू दिला असतात, तर आणखी बरं झालं असतं."

त्याचं म्हणणं खरं होतं. म्हणून कप्तानांचा राग येतो, तेव्हा त्यातला थोडा मी माझ्यासाठीही राखून ठेवतो.