आठातला एक तुकडा

आमच्या घरात दादाचं कौतुक करायला कारण लागत नसे. तो अमेरिकेत होता, एवढं पुरे होतं. मी नवीन पनवेलच्या दोन खोल्यांत आईबरोबर राहून तिच्या गोळ्या, तिचे रिपोर्ट आणि तिचा तिरसट स्वभाव सांभाळत होते. त्याचं कौतुक कोण करणार? दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खरंच आहे. जवळच्या डोंगराचे दगड पायाला बोचतात, म्हणून त्याला कुणी साजरा म्हणत नाही. दादाचा फोन रविवारी सकाळी यायचा आणि आई त्यासाठी पातळ बदलून बसायची.

ही दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. आईच्या हृदयाची झडप खराब झाली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, नाहीतर फार दिवस निघणार नाहीत. त्यांना लवकर तारीख ठरवायची होती. आई म्हणाली, आधी मुलाला विचारते. मी म्हटलं, आत्ता फोन लावते. तर नाही. फोनवर तो घाईत असतो, कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यासमोर बसवलं तर घड्याळाकडे बघतो, आणि तू मध्ये तोंड घालतेस, असं तिचं म्हणणं. तिला त्याच्याशी एकदा सलग बोलायचं होतं, त्याला मध्ये ‘हो हो’ म्हणता येणार नाही असं.

माझं कामच व्हिडिओचं होतं. जुन्या पनवेलच्या बाजारात एक स्टुडिओ होता, तिथे मी लग्नाची शूटिंग कापायला-जोडायला बसत असे. तिथला हॅन्डीकॅम घरी आणला, आईला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि कॅमेरा चालू केला. ती चाळीस मिनिटं बोलली. लहानपण, वडिलांचं आजारपण, शेजारच्यांचं भांडण, सगळं काढलं. त्यात मध्येच, आवाज अजिबात न बदलता, ती म्हणाली, “तू दोन आठवडे येणार असशील तरच मी ऑपरेशन करून घेईन. येणार नसशील तर मला ते नको. परक्यांच्या हातात मरायचं नाही मला.” मी कॅमेऱ्यामागे उभी होते. म्हणजे परकी मी. वाईट वाटलं, पण रेकॉर्डिंग थांबवलं नाही.

ती टेप स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर उतरवली तेव्हा फाईल नऊ जीबीची झाली. त्या काळात नऊ जीबी इंटरनेटवरून पाठवायची म्हणजे हौदातलं पाणी चमच्याने उपसायचं. डीव्हीडी पोस्टाने गेली असती, पण डॉक्टर तारखेसाठी खोळंबले होते. दादाला मेल केली. त्याचं उत्तर आलं, “मेलला अटॅच करून पाठव ना, सोपं पडेल.” मेलला वीस एमबीच्या वर काही जोडता येत नव्हतं. शिवाय जोडताना फाईल जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने फुगते, म्हणून मला पंधरातच बसवणं भाग होतं. चाळीस मिनिटं पंधरा एमबीत कोंबली. चित्र काड्यापेटीएवढं झालं आणि आईच्या चेहऱ्याच्या जागी चौकोन हलायला लागले. ती बघून म्हणाली, “ही मी? मी मेल्यावर तरी बरी दिसेन.” ते पाठवायचा प्रश्नच नव्हता.

मग मी नीट बसून फाईल दाबली. आईचे डोळे आणि ओठ स्पष्ट दिसतील इतपतच दाबली, तेव्हा ती सातशे एमबीवर आली. फुकट फाईल ठेवून घेणाऱ्या एका साइटवर एका फाईलला शंभर एमबीची मर्यादा होती. फाईल्स कितीही ठेवा, पण एकेक शंभरच्या आत पाहिजे. आता दोन वाटा होत्या. एक म्हणजे व्हिडिओच कापायचा: पाच-पाच मिनिटांचे आठ व्हिडिओ, प्रत्येक आपापला चालणारा. दुसरी म्हणजे सबंध फाईलचं गाठोडं बांधून त्या गाठोड्याचे आठ तुकडे करायचे. यात फाईल लहान होत नाही, कारण दाबलेला व्हिडिओ पुन्हा बांधून आणखी दबत नाही. फक्त वाटली जाते. पण मग आठही तुकडे एका फोल्डरमध्ये उतरवून पहिला उघडला तरच सबंध व्हिडिओ बाहेर येतो. एकही कमी पडला तर कॉम्प्युटर पुढचा तुकडा मागत बसतो.

मी आईला पहिली वाट सुचवली. ती भडकली.

“मला कापायचं नाही. अर्धंच ऐकेल आणि उलटा अर्थ लावेल. ऐकायचं तर सगळं ऐक म्हणावं, नाहीतर काहीच नको.”

स्टुडिओचे मालक बाजूच्या कॉम्प्युटरवर होते. त्यांचं निम्मं गिऱ्हाईक असं की घरातलं कुणीतरी कुवेतला नाहीतर दोह्याला. निकाहचे व्हिडिओ ते वर्षानुवर्षं असेच तुकड्यांनी पाठवत होते. मी त्यांना चाचा म्हणायची. ते म्हणाले, “बेटी, एक गोष्ट सांगू? आठ तुकडे दिले तर लोक सात उतरवतात आणि मला फोन करून शिव्या देतात. सुटे व्हिडिओ कर. जेवढं बघतील तेवढं तरी नसीब.” मी त्यांना आईचं म्हणणं सांगितलं. “मग अल्ला मालिक,” म्हणाले आणि आपल्या कामाला लागले.

एका तुकड्याला जवळजवळ तासभर लागत होता. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी एकेक साइटवर चढवला. पाचवा मध्येच तुटला, तो पहिल्यापासून पुन्हा चढवावा लागला. आठही लिंक दादाला पाठवल्या आणि खाली शाळेतल्या पोराला लिहावं तसं लिहिलं: सगळे एकाच फोल्डरमध्ये ठेव, नावं बदलू नकोस, आठवा उतरल्याशिवाय उघडू नकोस.

रविवारी फोन आला. आईने स्पीकर लावायला लावला.

“आई, बघितलं गं. सगळं बघितलं. रडलो मी.”

“सगळं ऐकलंस? मी म्हटलं ते?”

“हो ना. तू म्हणतेस तसंच करू. तू काळजी करू नकोस.”

फोन ठेवल्यावर आई ज्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत होती, तो चेहरा तिने माझ्यासाठी कधी केला नव्हता. “येतोय,” ती म्हणाली. त्याच दिवशी तिने मला माळ्यावरची गादी काढून गच्चीत उन्हात टाकायला लावली. डॉक्टरांना फोन करून तारीख घ्यायला सांगितलं. करंजा बंदरावरचे सुके बोंबील आणवले, कारण दादाला तिकडे मिळत नाहीत. शेजारणीला सांगून झालं. मला मात्र ते “सगळं बघितलं” पचेना. बोलणं फार गुळगुळीत होतं.

त्या साइटवर आपल्या खात्यात गेलं की कुठली फाईल किती वेळा उतरवली गेली तो आकडा दिसत असे. सोमवारी स्टुडिओत जाऊन पाहिलं. पहिला तुकडा, एकदा. पुढच्या सातही तुकड्यांसमोर शून्य.

मी तिथूनच त्याला फोन लावला. “दादा, किती तुकडे उतरवलेस?”

“अगं, एक केला. तो उघडेचना, पुढचा मागतो. आणि दर फाईलला थांबा म्हणते ती साइट. कुणाला वेळ आहे? आईला बरं वाटावं म्हणून म्हटलं बघितलं. काय आहे त्यात? तू सांग ना थोडक्यात.”

मी थोडक्यात सांगितलं. दोन आठवडे ये, तर ती ऑपरेशन करून घेईल. नाहीतर नाही.

तो म्हणाला, आत्ता शक्य नाही, ऑफिसात नवीन काम सुरू आहे, सुट्टी मागितली तर बरं दिसणार नाही. मी म्हटलं, मग तसं तिला सांग. “तूच सांग. तुला जमतं असं बोलायला.” चाळीस मिनिटांचं आईचं बोलणं त्याला थोडक्यात हवं होतं आणि त्याचा नकार माझ्या तोंडून जायला हवा होता. मी त्याला एक शिवी दिली. चाचांनी मान वर केली आणि परत खाली घातली.

मी आईला सांगितलं. गोड करून सांगायला मला येत नाही आणि त्या दिवशी मला ते करायचंही नव्हतं. ती गादीचा अभ्रा घालत होती.

“त्या एका तुकड्यात मी थोडी तरी दिसते का?”

“नाही. आठही असल्याशिवाय काहीच दिसत नाही.”

“आवाज?”

“आवाजही नाही.”

“मग रडला कशाला?”

“रडला नाही, आई.”

तिने अभ्रा अर्धवट घातलेला तसाच काढला आणि घडी घातली. म्हणाली, “तारीख रद्द कर.” मी भांडले, डॉक्टरांना घरी आणलं, शिरढोणच्या मामांना बोलावून घेतलं. मी आहे ना, असंही म्हटलं. ती म्हणाली, “तू असतेसच.” तिने एवढंच उत्तर दिलं आणि ते मला अजून माफ करता आलेलं नाही. पावसाळा संपायच्या आत ती गेली.

दादा दहाव्याला पोचला. या वेळी सुट्टी मिळाली होती. तेराव्याला घर नातेवाइकांनी भरलं होतं, आणि सगळ्यांच्या मध्ये बसून तो म्हणाला, “ऑपरेशन का नाही केलं? मला कुणी विचारलं? मी कुठूनही पैसे उभे केले असते.” मामींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आईनेच विचारलं होतं, व्हिडिओत. तो हसला. त्या घरात, त्या दिवशी, हसला. “अरे, हिला साधी फाईल पाठवता येत नाही. आठ तुकडे, एक उघडत नव्हता. अशी पाठवतात का कुणी?”

मी आत जाऊन डीव्हीडी आणली. स्टुडिओत बसून मी ती सबंध फाईल आधीच डीव्हीडीवर काढून ठेवली होती, माझ्यासाठी. टीव्हीला लावली. पाच मिनिटांनी मामी रडायला लागल्या. दादा म्हणाला, बंद कर, आत्ता नको. मी रिमोट घेऊन दारात उभी राहिले. तो उठला तर माझ्या अंगावरून जावं लागणार होतं आणि सगळे बघत होते, म्हणून तो बसला. दोन आठवड्यांचं वाक्य आलं तेव्हा मामांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. चाळीस मिनिटांत कुणी पाण्याचा पेला हलवला नाही. मला त्याची दया आली नाही, उलट बरं वाटत होतं.

शेवटी आई खुर्चीत पुढे झुकली, कॅमेऱ्यात बघून म्हणाली, “झालं माझं. आता तू बोल.” मग चित्र थांबलं, आणि खोलीतले सगळे तो काय बोलतो त्याची वाट बघत बसले.