चष्म्याच्या नंबरातली सूट

बाजाराच्या रस्त्यावर कापडवाला आणि घड्याळवाला यांच्यामधे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला बाहेर थांबावं लागेल, एवढं एक चष्म्याचं दुकान होतं. दुकानदाराला सगळे सूटवाले काका म्हणत. आता, नाव ऐकून कोणी पैशात सूट मागितलीच, तर काका त्याच्याकडे असे बघत की बिचाऱ्याला आपण इथून काही उचलून तर नेत नाही ना, अशी स्वतःचीच शंका यावी. काकांची सूट पैशात नव्हती. ती नंबरात होती.

डॉक्टरांची चिठ्ठी हातात आली की काका ती एकदा वाचत, ओठ मुडपत, मग गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत आणि मनातल्या मनात थोडा नंबर कापत. विशेषतः प्लसचा. कारण प्लसची काच नवी नवी घातली की लोक तक्रार घेऊन येतात, "काका, लांबचं धूसर दिसतंय." काकांना तक्रार सोसत नसे. त्यांनी नंबर कापायला सुरुवात केली आणि तक्रारी थांबल्या. परत न आलेलं गिऱ्हाईक म्हणजे बरं झालेलं गिऱ्हाईक, असा त्यांचा सिद्धांत होता. ते दुसऱ्या दुकानात गेलं असेल, हा विचार त्यांच्या उंबऱ्यावरूनच माघारी फिरे.

"डॉक्टर पाच मिनिटं डोळा बघतात," ते म्हणत, "मी तीस वर्षं माणूस बघतोय."

मात्र हाताचं म्हणाल तर खोट काढायला जागा नव्हती. दगडी चाकावर पाण्याची धार सोडून ते काच घासायला बसले, की ती काच त्यांच्या बोटांत अशी फिरे जशी नदीतल्या गोट्याला नदी फिरवते, न दुखवता, न घाई करता. फ्रेमीत बसताना तिचा आवाजसुद्धा होत नसे. एवढा नेमका हात, आणि त्याच्यावर एवढी ढिली अक्कल, हे देवाने कुठल्या वेळी जुळवलं असेल कोण जाणे. बरं, डॉक्टरांचा मानही राखायचा. म्हणून दुकानाच्या कार्डावर ते चिठ्ठीतलाच नंबर लिहीत आणि काचेत आपला घालत. दोन्ही बाजू खूश.

अशा या थोर माणसाकडे एक दिवस चिमणी आली. वय चार, नाक बटणाएवढं. सोबत आई आणि आजी. वर्षभरापासून चिमणीचा डोळा नाकाकडे वळत होता. कधी डावा, कधी उजवा. चित्राचं पुस्तक समोर धरलं की जास्तच. आजीने याचं निदान केव्हाच केलं होतं. शेजारच्या तिरळ्या पोराची नक्कल करते म्हणून, आणि आईचं लक्ष नाही म्हणून. दुसरं कारण आजीच्या सगळ्या निदानांत असायचंच.

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून, बाहुल्या मोठ्या करून, डॉक्टरांनी प्रकाशाची पट्टी डोळ्यांवरून फिरवली आणि चिमणीला एक शब्द न विचारता नंबर काढला. दोन्ही डोळ्यांना प्लस सहा. तिरळेपणा तपासणाऱ्या बाईंनी आईला समजावलं होतं, "हिला काहीही स्पष्ट बघायचं तर डोळ्याच्या आतला स्नायू सारखा आवळावा लागतो. तो आवळला की डोळे आत वळतात, ती जोडी जन्माचीच आहे. तुमच्याआमच्यातही आहे. पण हिला जोर फार लावावा लागतो, म्हणून वळणंही फार. काचेने तो जोर उचलला की वळायचं कारणच राहत नाही. पूर्ण नंबर, दिवसभर. काटछाट नको."

आईने हे सगळं काकांना सांगितलं. काकांनी मान डोलावली. ऐकताना मान डोलावणं आणि ऐकणं यांत काकांच्या लेखी बराच फरक होता.

"एवढ्याशा पोरीला सहा?" आजी कडाडली. "नाकापेक्षा मोती जड! डोळे बशीएवढे दिसतील काचेतून. उद्या सोयरीक कशी जमायची?"

"आजी, पोरीला अजून पायताण उलटसुलट कळत नाही," आई म्हणाली.

"काळजी करू नका," काका मायेने म्हणाले. "मी आहे ना."

आणि काकांनी मायेने सहाचे चार केले. कार्डावर सहा, काचेत चार. चष्मा हलका, काच पातळ, आजी प्रसन्न. चिमणीनेही तक्रार केली नाही. काकांच्या सिद्धांताप्रमाणे पोरगी बरी झाली.

दोन महिन्यांनी आई एकटीच आली. चष्म्याच्या नाकपट्टीची एक गादी निघाली होती.

"कसं आहे चिमणीचं?" काकांनी स्क्रू पिळत विचारलं.

"चष्मा उठल्यापासून झोपेपर्यंत घालते हो. थोडा फरक आहे, पण डोळा आत जातोच. डॉक्टर म्हणाले, पूर्ण नंबर घालूनही उरलं, तर ते चष्म्याने जाणारं नाही. स्नायूचं ऑपरेशन. येत्या गुरुवारी." आईने ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "भूल द्यावी लागेल म्हणे."

काकांचा स्क्रू खाली पडला.

"त्यांनी... चष्म्याचा नंबर मोजला का?"

"त्यांचं मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. मग तुमचं कार्ड दाखवलं. सहाच आहे म्हणाले, ठीक."

काका खाली वाकले आणि स्क्रू शोधायला त्यांना फार वेळ लागला. एवढ्याशा दुकानात स्क्रू जाऊन जाणार कुठे? पण काकांना वर यायचंच नव्हतं. खाली बसल्या बसल्या त्यांना एक झकास युक्तीही सुचली. चष्मा आज ठेवून घ्यावा, गुपचूप सहाच्या काचा बसवाव्यात, कोणाला पत्ता लागू देऊ नये. डोळे सरळ झाले की चमत्कार आपल्याच हातचा. युक्तीत एवढीच खोट होती, की आज सोमवार होता, डोळा सैल व्हायला आठवडे लागतात, आणि सुरी गुरुवारी येणार होती.

काका उठले. गुडघ्याला धूळ तशीच.

"ताई, जरा बसा. यात सहा नाहीत."

"म्हणजे?"

"चार आहेत. मीच घातले. लहान जीव म्हणून."

आई बसली नाही. काचेचा नंबर मोजायच्या काकांच्या लेन्सोमीटरकडे, मग त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणजे माझी पोरगी दोन महिने अर्धवट चष्मा घालून फिरली?"

"अर्धवट नाही," काका हिशेबी प्रामाणिकपणाने म्हणाले, "दोन तृतीयांश."

यावर ती जे बोलली ते कापडवाल्याने ऐकलं, घड्याळवाल्याने ऐकलं, आणि समोरच्या औषधवाल्याने दुकानातून बाहेर येऊन ऐकलं. शेवटी ती म्हणाली, "दुकान बंद करा. हेच सगळं दवाखान्यात येऊन सांगायचं. माझ्या तोंडून नाही, तुमच्या."

तीस वर्षांत पहिल्यांदा ते दुकान भरदुपारी बंद झालं.

तपासणीच्या बाई ठेंगण्या होत्या, आवाजाने मात्र उंच. यंत्र एव्हाना दुरुस्त होऊन आलं होतं. त्यांनी चष्मा त्याच्याखाली ठेवला, चाक फिरवलं, आणि आकड्याकडे बघून म्हणाल्या, "वा. कार्डावर सहा आणि काचेत चार. काका, तुम्ही वजनकाटा विकत असता तर तुरुंगात असता."

"मला वाटलं, आधी थोडा द्यावा, मग वाढवावा."

"पडक्या भिंतीला टेकू देताना आधी हातभर आखूड देता का? मग वाढवू म्हणून?"

आजी चिमणीला घेऊन आली होती, आणि तिनेही आज आईचा दोष काढला नाही. हा दिवस खरोखर अपूर्वच म्हणायचा.

बाईंनी चिमणीच्या चष्म्यावर प्लस दोनच्या दोन काचा अडकवल्या. बारीक चित्र हातभर अंतरावर धरलं. "या मांजराला मिशा किती?" चिमणी मिशा मोजू लागली. बाईंनी एक डोळा हाताने झाकला, मग दुसरा. नुसत्या चारच्या काचेत हात हलवला की डोळा नाकापासून बाहेर उडी मारून यायचा, ती उडी आता लहान झाली होती. काकांनाही दिसली. तीस वर्षं माणूस बघणाऱ्याला डोळा पहिल्यांदाच दिसत होता.

"पूर्ण गेली नाही, पण रस्ता कळला," बाई म्हणाल्या. "असंच ऑपरेशन झालं असतं, आणि पुढे कोणी हिला खरा नंबर दिला असता, तर हेच डोळे बाहेर पळाले असते. आगीतून फुफाट्यात."

डॉक्टरांनी गुरुवार खोडला आणि सहा आठवडे दिले. तेवढ्यात डोळे सरळ झाले नाहीत, तर ऑपरेशन ठरलेलंच.

सहाच्या काचा काकांनीच घासल्या. आईने दुसरीकडे जायचं म्हटलं होतं. बाईच म्हणाल्या, "हात यांचाच चांगला आहे. काच घासा म्हणावं, अक्कल घासू नका. आणि आणून मला दाखवा." काकांनी फ्रेम मुद्दाम लहान निवडली, नाकावर उंच बसवली, कानामागे वळणाऱ्या काड्या लावल्या, म्हणजे पोरीला काचेच्या वरून बघता येऊ नये.

पहिले दिवस चिमणीने घर डोक्यावर घेतलं. "लांबचं दिसत नाही!" अर्थातच. वर्षानुवर्षं आवळलेली मूठ कोणी म्हटलं म्हणून सुटत नाही. बाईंनी स्नायूला विसावा म्हणून काही दिवस थेंब दिले. काका रोज दुकान बंद करताना चिमणीच्या दारावरून जात आणि चष्म्याची काडी नीट करायच्या निमित्ताने आत डोकावत. आजी त्यांना दारातच विचारी, "आज किती कापायला आलात?"

सहा आठवड्यांनी सगळे परत दवाखान्यात. काका कोणी बोलावलं नसताना आले होते आणि भिंतीला टेकून उभे होते. बाईंनी एक डोळा झाकला. उघडला. दुसरा झाकला. लांबचं चित्र, जवळचं चित्र. पुन्हा एकदा. चिमणीचे डोळे जागचे हलले नाहीत.

तेवढ्यात आजीने नातीचा घाम पुसायला म्हणून चष्मा काढला, आणि डोळा टपकन नाकाकडे गेला. "अगंबाई! हे बघा! चष्म्याने सवय लावली पोरीला! आधी एवढा जात नव्हता!"

बाई तोंड उघडणार, तोच भिंतीकडून आवाज आला. "आजी, काच काढली की जोर परत तिच्यावर येतो. म्हणून डोळा वळतो. चष्मा घातलेला असताना सरळ आहे ना? तेच मिळवायचं होतं. घाला तो परत." आणि जरा थांबून, "पूर्ण."

बाईंनी काकांकडे असं पाहिलं, जणू दवाखान्याच्या भिंतीला वाचा फुटली.

मग त्यांनी चिमणीच्या चष्म्यावर एक काळपट चष्मा चढवला आणि एका मोठ्या माशीचं चित्र समोर ठेवलं. "पंख धर बरं." हा चष्मा घालून दोन्ही डोळे मिळून काम करत असतील, तरच या चित्रातली माशी कागद सोडून वर येते. काकांनी वाकून पाहिलं. त्यांच्या उघड्या डोळ्यांना ती कागदावर चिकटलेली साधी धूसर माशी होती.

चिमणीने हात पुढे केला आणि मधेच थांबवला. "ई!" मग धीर करून दोन बोटं आणली आणि कागदाच्या चांगली चार बोटं वर, रिकाम्या हवेत, चिमटा काढला.

"धरली," ती म्हणाली.

आजी म्हणाली, "अगं, तिथे कुठे आहे?"

बाईंनी ऑपरेशनच्या कागदावर आडवी रेघ मारली. काकांनी मात्र त्या दोन बोटांवरून नजर काढली नाही. चिमणीची बोटं हवेत तशीच होती, माशी सुटू नये म्हणून घट्ट.