साडेबारा टक्क्यांचा हिशेब

वर्तमानपत्राच्या कचेरीत तिला सगळे टक्केबाई म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. राग यायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. निकालाच्या दिवशी मतमोजणी अर्धीही झालेली नसताना कुणी खुर्चीत मागे रेलून "वारं फिरलं बघा" म्हणालं, की तिचं डोकं फिरायचं. "वारं बघायचं तर खिडकीपाशी जा," ती म्हणायची. निवडणुकांचे आकडे चिवडण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि जीभ तिखट झाली होती. लोक तिला टरकून असत, पण आकडा अडला की मुकाट तिच्याच टेबलाशी येत.

त्या दिवशी एका पोटनिवडणुकीचा निकाल लागला. तिथून निवडून आलेले सत्ताधारी पक्षाचे गृहस्थ वारले होते, म्हणून ती झाली, आणि जागा विरोधी पक्षानं जिंकली. सार्वत्रिक निवडणुकीत विरोधकांना तीस टक्के मतं होती, आता पन्नास. सत्ताधारी पंचेचाळीसवरून चाळीसवर. एकाची वाढ वीस, दुसऱ्याची घट पाच, दोन्हींची सरासरी साडेबारा. याला त्यांच्या धंद्यात स्विंग म्हणतात. तिनं तो आकडा मांडला आणि खरं सांगायचं तर तिला आतून गुदगुल्या झाल्या.

कारण घरचं होतं. तिचा धाकटा भाऊ शाळेत गणित शिकवायचा आणि उरलेला सगळा वेळ विरोधी पक्षाचे झेंडे लावायचा. पुढच्या वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत शेजारच्या मतदारसंघातून त्याला उभं करायला पक्ष तयार होता. पण आधी शाळेचा राजीनामा हवा होता, आणि तशी नोकरी एकदा सोडली की परत मिळत नाही. "या पोटनिवडणुकीचं काय होतं ते बघतो नि ठरवतो," असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

दुपारीच त्याचा फोन आला. "ताई, साडेबारा! मी आमच्याकडे लावून पाहिलं. गेल्या वेळी ते पन्नास, आम्ही तीस. पन्नासातून साडेबारा काढ, तिसात साडेबारा घाल. पाच टक्क्यांनी येतोय मी!"

"बेरीज बरोबर आहे," ती म्हणाली. "संध्याकाळी घरी येते. तोवर शाळेत काही लिहून देऊ नकोस."

फोन ठेवून तिनं टक्के बाजूला सारले आणि मतं पाहिली. इथेच तिचं तोंड कडू झालं. गेल्या वेळी एक लाख चाळीस हजार लोकांनी मत दिलं होतं, यंदा फक्त ऐंशी हजारांनी. विरोधकांची मतं बेचाळीस हजारांवरून चाळीस हजारांवर आली होती. वाढले होते ते पक्षाचे टक्के, मतं दोन हजारांनी कमीच झाली होती. शिवाय गेल्या वेळी वीस टक्के मतं घेणारा तिसरा पक्ष यंदा उभाच नव्हता. त्याची माणसं कुणाकडे गेली, किती घरी बसली, हे या आकड्यांतून कळायला मार्ग नव्हता. आणि त्या भागातला दवाखाना बंद पडल्यावरून लोक महिनोन् महिने चिडलेले होते, ते वेगळंच.

संपादकांनी मथळा करून ठेवला होता: 'सत्ताधाऱ्यांना देशभर धक्क्याची चाहूल'.

"देशभर कुठून आलं?" तिनं विचारलं आणि सगळं त्यांच्यापुढे मांडलं.

संपादक काही कच्चे नव्हते. त्यांनी ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पटलं. मग उलटं लिहू. 'लाट नव्हे, नुसता बुडबुडा'."

"तेही नाही म्हणता येत."

"का?"

"सत्ताधाऱ्यांची मतं त्रेसष्ट हजारांवरून बत्तीस हजारांवर आलीत. त्यांची माणसं रागावून घरी बसली असतील, किंवा पोटनिवडणूक म्हणून आळसावली असतील. रागावली असतील तर ती गोष्ट साधी नाही. पण एका जागेवरून ते ठरत नाही. आणखी चार ठिकाणी असंच घडलं, तर बोलू."

"बाई, मग छापू तरी काय?"

"त्या जागेवर जे झालं ते."

'पोटनिवडणुकीत विरोधक विजयी. मतदानात मोठी घट' असा मथळा गेला. "कोण वाचणार हे?" असं संपादक जाता येता पुटपुटत राहिले.

संध्याकाळी ती भावाकडे गेली, तर दारातच भावजयीनं तिचा हात धरून तिला स्वयंपाकघरात ओढलं. "ताई, तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की तू हरणार. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. दोन पोरं आहेत हो घरात."

भावजयीवर तिचा जीव होता, आणि मागणं काही अवघड नव्हतं. एक शब्द टाकायचा होता.

बाहेर भाऊ कागदावर साडेबारा लिहून, त्याला चौकट करून बसला होता. तिनं त्याला मतदान सांगितलं, मतं सांगितली. "आणि तुमच्याकडे तिसरा पक्ष उभा राहणार आहे. तिथला स्विंग उचलून इथे चिकटवता येत नाही. पोरांनी असं गणित केलं असतं तर तूच कान धरला असतास."

भावाचा चेहरा उतरला. "म्हणजे मी हरणार?"

स्वयंपाकघराच्या दारात भावजय उभी होती. हातातला डाव तसाच वर राहिला होता.

"माहीत नाही," ती म्हणाली. "जिंकशील असं हा निकाल सांगत नाही, आणि हरशील असंही सांगत नाही. राजीनामा द्यायचा तर दे, पण या आकड्याच्या भरवशावर देऊ नकोस. तुला स्वतःला उभं राहायचंय का, ते बघ."

भावानं तो कागद चुरगाळला. "उभं तर राहायचंच आहे मला," तो म्हणाला. त्याच आठवड्यात त्यानं राजीनामा दिला.

वर्षभरानं तो सात टक्क्यांनी पडला. पोटनिवडणुकीतली ती जागा मात्र विरोधकांनी राखली.

त्यानंतर ती पहिल्यांदा त्यांच्याकडे गेली, तेव्हा भाऊ शिकवण्या घ्यायला गेलेला होता. भावजय चहा टाकता टाकता, पाठ न वळवता म्हणाली, "नुसतं हरशील म्हणाला असतात, तर नोकरी राहिली असती."

"तेव्हा मला ते माहीत नव्हतं गं."

"मला कुठे माहिती हवी होती, ताई? मला नाही म्हणणारं माणूस हवं होतं."

तिला फार लागलं ते. आपण खरं तेच बोललो होतो, हे तिला ठाऊक होतं. पुन्हा वेळ आली तरी तेच बोलू, हेही ठाऊक होतं.

तेवढ्यात भाऊ आला. खडूनं पांढरे झालेले हात धुऊन शेजारी बसला. "काय टक्केबाई? पक्षात आता मला पडेल उमेदवार म्हणतात. जन्मात निवडून यायचा नाही म्हणे. तुझे आकडे काय म्हणतात?"

"एका निकालावरून?" ती म्हणाली.

भाऊ खो खो हसला. ठसका लागेपर्यंत हसला, आणि त्याला हसताना बघून तिचे डोळे भरून आले. भावजय हसली नाही. तिनं दोन कप भरले होते. जरा थांबून तिनं फळीवरून तिसरा काढला, भरला, आणि दोघांच्या मध्ये येऊन बसली.