दुहेरी कडा

दवाखान्याच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या वळणावर एक्स-रेची खोली होती. तिथे एक बाई सव्वीस वर्षं एकच काम करत आल्या होत्या. माणसाला सरळ उभं करायचं, हनुवटी वर करायला लावायची, श्वास रोखायला सांगायचा आणि काचेमागे जाऊन बटण दाबायचं. मुलं त्यांना फोटोवाल्या काकू म्हणत. राहत्या इमारतीतही हेच नाव पडलं होतं. हाडं दुखोत की पोट, लोक आधी काकूंचं दार वाजवत आणि मग डॉक्टरकडे जात. काकू प्रत्येकाला बजावत, "मी डॉक्टर नाही हं, मी फक्त फोटो काढते." पण विचारलं की सांगायच्या. आपल्याला चार माणसं विचारतात याचं सुख कुणाला नको असतं?

काकू बोलायला मिश्कील होत्या. रडणारं पोर यंत्रापुढे उभं केलं की त्याला म्हणायच्या, "हल्लास तर तुझ्या फोटोत शेजारच्याचं नाक येईल." पोर हसायच्या आत फोटो निघालेला असे.

एकदा दुसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या वहिनींच्या चार वर्षांच्या मुलाने नाणं गिळलं. वहिनींच्या समोरच, हसत हसत, गोळीसारखं. वहिनी त्याला कडेवर घेऊन अनवाणी दवाखान्यात आल्या. काकूंनी गळ्यापासून पोटापर्यंतचा फोटो काढला. जठराच्या जागी एक पांढरी चकती होती, चंद्रासारखी सपाट आणि कडेपर्यंत सारखी. डॉक्टरांनी फोटो पाहिला, पोराचं पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "अन्ननलिकेतून खाली उतरलंय. आता याला नेहमीचं खाऊ-पिऊ द्या. शी तपासत राहा. उलटी, पोटदुखी, ताप किंवा शीतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर लगेच या. नाही सापडलं तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढू."

पाचव्या दिवशी नाणं सापडलं. वहिनींनी ती बातमी जिन्यातून वरखाली अशी फिरवली की पोरगा जणू परीक्षेत पहिला आला होता. त्या हसण्यात काकूही होत्या. "नाणं म्हणजे पाहुणा हो," त्या म्हणाल्या, "आल्या वाटेने नाही, पण आपल्या पायांनी जातो." ते वाक्य सगळ्यांना आवडलं. पुढे कित्येक दिवस इमारतीत कुणाचं काही हरवलं की लोक तेच म्हणायचे.

तळमजल्यावर तिकीटखिडकीवर काम करणारी एक तरुण बाई राहत होती. नवरा कामानिमित्त बाहेरगावी. तिची दीड वर्षाची मुलगी गुबगुबीत होती, मान किंचित तिरकी करून बघायची. सगळे तिला ठकी म्हणत. काकूंना पाहिलं की ठकी आपणहून हनुवटी वर करायची, कारण काकूंनीच तिला ते शिकवलं होतं.

एका संध्याकाळी पाचच्या सुमारास ठकीची आई काकूंच्या दाराशी आली. काकू नुकत्याच कामावरून परतल्या होत्या. पाठ भरून आली होती आणि गॅसवर कुकर होता.

"काकू, हिने नाणं गिळलं वाटतं. माझी पर्स उपडी केली होती, सगळी चिल्लर जमिनीवर. मी आले तेव्हा हिला ठसका लागला होता. एकदा उलटीसारखं झालं, पण काही पडलं नाही."

काकूंनी ठकीकडे पाहिलं. ती आईच्या खांद्यावर होती, डोळे पाणावलेले, पण शांत.

"श्वास नीट घेतेय ना?"

"घेतेय. लाळ मात्र गळतेय. दूधही नको म्हणाली."

"दात येत असतील. घशाला खरचटलं असेल थोडं." कुकरची शिट्टी झाली. काकूंनी मागे वळून पाहिलं. "घाबरू नकोस गं. वहिनींच्या मुलाचं पाहिलंस ना? उद्या सकाळी घेऊन ये, मी आधी हिचा फोटो काढते."

आईचा चेहरा सैल झाला. "तुम्ही म्हणताय तर ठीक आहे," ती म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ठकी एक्स-रेच्या खोलीत आली. अंगात ताप होता आणि आवाज घोगरा झाला होता. काकूंनी शिशाचा एप्रन तिच्या आईला घातला आणि लेकीला धरून उभं राहायला सांगितलं. ठकीने हनुवटी वर केली.

फोटो पडद्यावर आला. गळ्याच्या खालच्या बाजूला, छातीच्या वर, पांढरी चकती अडकली होती. काकू पडद्याजवळ वाकल्या. चकतीला कडेच्या आत आणखी एक कड होती. एका वर्तुळात दुसरं वर्तुळ, डब्याला झाकण असावं तसं.

"कुशीवर," त्या म्हणाल्या. "हिला कुशीवर धर."

कुशीवरच्या फोटोत नाणं असतं तर सरळ रेघ दिसली असती. इथे रेघेला पायरी होती. एक बाजू रुंद, एक अरुंद.

"घरी चपटा सेल कशात आहे?" काकूंनी विचारलं. "नाण्यासारखा, चकचकीत?"

आई विचारात पडली. मग म्हणाली, "दिव्याच्या छोट्या रिमोटमध्ये. परवापासून त्याचं झाकण निघत होतं." आणि मग तिच्या लक्षात आलं. "पण चिल्लर सांडली होती, काकू. मला वाटलं..."

काकू दार उघडं टाकून डॉक्टरांच्या खोलीकडे धावल्या. सव्वीस वर्षांत त्या बोळातून धावताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कधी?"

"काल पाच वाजता."

डॉक्टरांनी फोन उचलला. ठकीला तोंडाने पाणीही द्यायचं नाही, उलटी काढायचा प्रयत्न करायचा नाही, असं सांगून त्यांनी मोठ्या रुग्णालयात दुर्बीण टाकणाऱ्यांना तयार राहायला सांगितलं. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत आईने विचारलं, "नाणं पाच दिवस पोटात राहिलं तरी काही होत नाही, मग याने एका रात्रीत काय होणार?"

डॉक्टरांनी तिला खाली बसवलं. "नाणं म्हणजे धातूचा मुका तुकडा. सेल मुका नसतो. नळीत ओलसर जागी अडकला की त्याच्यातून वीज वाहायला लागते, आणि त्या ओलाव्याचं नळीतल्या नळीत कॉस्टिक सोड्यासारखं जळजळीत पाणी होतं. सेल फुटावा, गळावा लागत नाही. रिमोट चालेनासा झालेल्या सेलमध्येही तेवढी वीज उरलेली असते. दोन तासांत जखम खोल जाऊ शकते."

"दोन तासांत," आई म्हणाली. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग काकूंकडे. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर काकूंना सोसला असता.

सेल दुपारी निघाला. एक बाजू काळी पडली होती आणि त्या बाजूला अन्ननलिकेची भिंतही काळी होती. ठकीला नाकातून नळी घालून दूध देऊ लागले. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की सेल निघाला म्हणजे धोका संपला असं नाही. भाजलेली भिंत पुढे कित्येक दिवस झिजत राहते, आणि तिला चिकटून हृदयातून निघालेली मोठी रक्तवाहिनी जाते. काकू दर दोन दिवसांनी बसने जात, बाहेरच्या बाकावर बसत आणि आईला डबा देऊन परत येत. सातव्या दिवशी ठकी काचेतून त्यांच्याकडे बघून हसली. आठव्या, नवव्या दिवशीही सगळं बरं होतं. अकराव्या दिवशी पहाटे तिला रक्ताची उलटी झाली. डॉक्टर पळत आले, पण त्या वाहिनीपुढे कुणाचे हात पुरले नाहीत.

ठकी गेल्याची बातमी शिवणकाम करणाऱ्या वहिनींनी आणली. दारातच बसल्या आणि म्हणाल्या, "मीही तिला तेच सांगितलं होतं हो. काकू म्हणतात तसं." काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

महिनाभराने ठकीची आई दवाखान्यात आली. जेवणाची वेळ होती, बाहेर कुणी नव्हतं. "मला तो फोटो बघायचा आहे," ती म्हणाली.

काकूंनी दोन फोटो शेजारी शेजारी लावले. वहिनींच्या मुलाचा आणि ठकीचा. बोटाने कड दाखवली. आई बराच वेळ बघत राहिली.

"एवढाच फरक?"

"एवढाच. पण फोटो काढल्याशिवाय तोही दिसत नाही." काकूंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "तू डोळ्यांनी नाणं पाहिलंस का, एवढं मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. आणि लाळ गळत होती, पोर दूध घेत नव्हतं. नाणं असतं तरी अशा वेळी घरी थांबायचं नसतं. मला हे ठाऊक होतं गं. कुकर होता, पाठ दुखत होती..."

आई म्हणाली, "त्या रात्री मी झोपले, काकू. तुम्ही सांगितलंत म्हणून शांत झोपले. ते मला सोसत नाही."

जाताना आई म्हणाली, "हे दोन्ही फोटो बाहेर लावा. नाव झाका आणि लावा."

फोटो बोळात लागले. काकूंनी नोकरी सोडली नाही, पण इमारतीत सल्ला देणं सोडलं. कुणी काही गिळल्याचं म्हणालं की एवढंच म्हणत, "चला, आत्ता, मी येते बरोबर." त्यानंतर बरीच नाणी आली. काही नळीत अडकलेली होती, पोर मजेत खेळत होतं. डॉक्टरांनी अशा पोरांना दवाखान्यातच थांबवून घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो काढला; काही नाणी तोवर खाली उतरली होती, बाकीची काढावी लागली. काकू प्रत्येक चकतीची कड तपासून बघत, दोनदा, तीनदा.

पुढच्या वर्षी एका दोन वर्षांच्या मुलाने वजनकाट्यातला सेल गिळला. त्याच्या आईने बोळातले फोटो कधीतरी पाहिले होते. तिने अर्ध्या तासात दवाखान्यात फोन केला. वर्षावरच्या पोराने सेल नुकताच गिळला असेल तर मधाने भाजणं थोडं रोखता येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून रिक्षातून थेट मोठ्या रुग्णालयात जाताना तिने दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध चाटवला, आणि त्यासाठी कुठे थांबली नाही. दीड तासाच्या आत सेल बाहेर होता. नळी भाजली होती, पण वरवर.

ठकीची आई तोवर घर सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. एका सकाळी मनगट मुरगळलं म्हणून तीच एक्स-रेच्या रांगेत उभी दिसली. काकूंनी तिचा हात मेजावर नीट ठेवला. फोटो निघाला, हाड शाबूत होतं.

हात बाहीत घालता घालता तिने विचारलं, "तो वजनकाट्याचा मुलगा कसा आहे? वहिनी म्हणाल्या होत्या."

"बरा आहे. पोळी खातो आता."

"बरं झालं," ती म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली, "बरं झालं." मग तिथेच, मेजाच्या कडेवर बसून ती रडू लागली, आणि काकूंनी उठून खोलीचं दार लोटून घेतलं.