कोणी न मागितलेली प्रमाणपत्रं

धुळ्याच्या त्या खासगी शाळेत मी सहा वर्षं शिकवलं. डिग्री, बी.एड., माझी सगळी मूळ प्रमाणपत्रं रुजू होतानाच संस्थेने ठेवून घेतली होती. अध्यक्ष म्हणजे बोटांत चार अंगठ्या आणि डोक्यात नुसती हवा. जळगावकडच्या सरकारी शिक्षक भरतीत माझं नाव लागलं तेव्हा मी राजीनामा दिला, आणि अध्यक्ष भेटेनासे झाले. पडताळणीला एक महिना होता. मूळ कागद नसतील तर नाव बाद.

मी काय केलं, तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे चार पानी तक्रार अर्ज. अध्यक्ष कसे उर्मट, गॅदरिंगला सगळ्यांसमोर कसे बोलले, सगळं ओतलं त्यात. खाली प्रती जिल्हाधिकाऱ्यांना, आमदारांना, मंत्र्यांना. सात ठिकाणी प्रत गेल्याशिवाय आपल्याकडे अर्ज लिहिल्याचं समाधानच होत नाही, शी! पंधरा दिवसांनी उत्तर आलं की संस्थेकडून खुलासा मागवला आहे. वरिष्ठांनी चौकशी करावी म्हणून तक्रार असते, आणि चौकशी तिच्या चालीने चालते. एवढं कळायला एम.ए. व्हावं लागत नाही. मी झाले होते तरी कळलं नाही.

मग थोरले दीर पुढे सरसावले. कोर्टाची पायरी कधी न चढलेला माणूस, पण कायदा तोंडपाठ. अहिराणी ठसक्यात म्हणाले, "आते फक्त नोटीस!"

जळगावच्या वकिलांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला. "ताई, ह्यात तुम्ही कागद परत मागितलेतच कुठे? आणि हा अध्यक्षांना लिहिलेलाही नाही. उद्या स्वतः जा. एक पान द्या: अमुक कागद तुमच्याकडे आहेत, अमुक तारखेपर्यंत परत करा, पडताळणी आहे. पोच घ्या, घेतली नाही तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. नोटीस म्हणजे कोर्टात जायची तयारी. ती गेली की ते वकील लावतील आणि मुदत संपेपर्यंत बसून राहतील."

त्या माणसाकडे जाऊन मागायचं? माझं नाक कापलं गेलं असतं. दिरांनी तर वकिलांनाच भित्रा ठरवलं. आम्ही हटून बसलो, वकिलांनी नाइलाजाने पंधरा दिवसांची नोटीस काढली, आणि गावभर सांगत फिरलो की आता बघा कसा वठणीवर येतो.

पडताळणीला मी झेरॉक्स घेऊन गेले. खिडकीतल्या बाईंनी मान हलवली आणि यादीतलं पुढचं नाव पुकारलं.

तीन दिवसांनी अध्यक्षांच्या वकिलाचं उत्तर आलं. सोबत माझी सगळी प्रमाणपत्रं, एकही घडी न पडलेली. लिहिलं होतं, "या नोटिशीपूर्वी आपल्या अशिलांनी सदर कागदपत्रांची मागणी आमच्या अशिलांकडे कधीही केलेली नाही."

माणूस हलकट, पण ते वाक्य खरं होतं.